जादा दहा हजार: गृहकर्जात भरायचे की गुंतवायचे?

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ कागदांची पिशवी घेऊन घरी आला. तो धरणगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ४३. जळगावात पिंप्राळ्याकडे त्याने घर बांधलं, त्यासाठी एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज आहे. एक जुनं वाहनकर्ज नुकतंच फिटलं होतं आणि महिन्याला दहा हजार रुपये मोकळे झाले होते. "दादा, हे कर्जात टाकू की एसआयपी करू? शाळेतले अर्धे मास्तर एक सांगतात, अर्धे दुसरं." सोबत मावशीही होती. पारोळ्याकडे त्यांची चार एकर कापसाची जमीन आहे. तिचं मत तिने एका वाक्यात सांगून टाकलं: "घर तुनं शे, पन कागद बँकमा शेतस."

करविवरणपत्रं भरून देण्याचं काम मी जळगावात बरीच वर्षं करतो आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. बहुतेक जण एक चूक करतात: कर्ज लवकर फेडून व्याज किती वाचतं तो आकडा एका बाजूला आणि एसआयपीत शेवटी किती जमा होतं तो आकडा दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करतात. हे दोन आकडे एका तराजूत बसतच नाहीत. ते कसे बसवायचे हे भावाच्याच हिशोबावरून दाखवतो. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच राहील.

आधी कर्जाचा खरा दर पाहा, आणि तो कमी होतो का ते विचारा

कर्जाचं ताजं विवरणपत्र काढा आणि त्यातल्या चार गोष्टी वहीत लिहा: शिल्लक मुद्दल, आजचा व्याजदर, उरलेले हप्ते आणि दर बदलता आहे की स्थिर. उरलेल्या हप्त्यांचा आकडा नीट बघा. २०२२-२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा पुष्कळ ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली. वीस वर्षांचं कर्ज पाच वर्षं फेडूनही अठरा वर्षं शिल्लक आहे, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. व्याज बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम भरायची, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं आहे. ते पत्र किंवा एसएमएस आपण वाचलेला नसतो, एवढंच.

२०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर उतरला. बँकांची ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असल्यामुळे तिथे ही घट आपोआप पोहोचते. त्याआधीच्या कर्जांत आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांत तसं बंधन नाही. तिथे कंपनीचा स्वतःचा मूळ दर चालतो. भावाचा दर ९.२५ होता. नव्या ग्राहकाला किती दर देता, असं त्याने शाखेत विचारलं, दर बदलून मिळण्यासाठी अर्ज दिला, थोडं शुल्क भरलं आणि दर ८.५० झाला. २५ लाखांवर पाऊण टक्का म्हणजे पहिल्याच वर्षी अठरा हजारांच्या वर. एवढं एका अर्जात वाचत असेल, तर जादा पैसे कुठे टाकायचे हा विचार त्यानंतरचा. कंपनी ऐकत नसेल तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा खर्च विचारा. दरात अर्ध्या टक्क्याच्या वर फरक असेल आणि बरीच वर्षं शिल्लक असतील, तर ते सहसा परवडतं.

म्हणून त्याचा हिशोब असा सुरू झाला: शिल्लक २५ लाख, दर ८.५० टक्के, उरलेले १८० हप्ते, हप्ता २४,६१८ रुपये. शेवटचा हप्ता त्याच्या वयाच्या ५८ व्या वर्षी, म्हणजे निवृत्तीलाच.

दहा हजार खरंच मोकळे आहेत का?

हा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच विचारायला हवा, कारण खानदेशात पगारदार माणसाच्या मागेही बहुतेक वेळा शेती असते. कापसाचा पैसा दिवाळीनंतर वेचणी सुरू झाल्यावर एकदम येतो आणि जून लागला की बियाणं-खतात एकदम जातो. रावेर-यावलकडे केळी असेल तर मे-जूनच्या एका वादळात बाग आडवी होते. कापसात गुलाबी बोंडअळी शिरली की घरचा पगारच शेताला पोसतो. अशा घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा हा शहरी नियम अपुरा पडतो. हप्ता धरून भावाचा महिन्याचा खर्च ५५ हजार आहे. सहा महिन्यांचे तीन लाख तीस हजार होतात. त्यात मी एका हंगामाचा शेतीखर्च मिळवायला लावला.

गृहकर्जात जादा भरलेला पैसा परत मागता येत नाही, म्हणून ही रक्कम आधी बाजूला हवी. एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते: आज पाच लाख जादा भरलेत तरी पुढच्या महिन्याचा हप्ता माफ होत नाही. हप्ता चुकला तर दंड लागतो, सिबिलवर नोंद होते. "मी तर एवढे जास्त भरलेत" हे तिथे चालत नाही. हा राखीव पैसा बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा. जास्त व्याजाच्या मोहाने पतपेढीत ठेवू नका; बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतपेढीतल्या ठेवीला ते नाही. पतपेढ्यांत अडकलेल्या ठेवींची झळ आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी सोसली आहे.

राखीव पैशानंतर महागडी कर्जं पाहा. क्रेडिट कार्डाची थकबाकी, वैयक्तिक कर्ज, सावकाराकडचे हातउसने: हे सगळं गृहकर्जापेक्षा महाग, म्हणून आधी हेच संपवा. पीककर्ज मात्र उलट. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज सवलतीमुळे ते जवळजवळ फुकट पडतं. कापसाचे पैसे आले म्हणून उत्साहाने गृहकर्जात भरले आणि पीककर्जाची मुदत हुकली, असं झालं तर सवलत जाते आणि केलेली बचत तिथेच संपते. शिवाय घरावर कर्ज असताना कर्त्या माणसाचा टर्म विमा नसेल, तर त्याचा हप्ता या दहा हजारांतूनच आधी जायला हवा. भावाने तो घर बांधतानाच घेतला होता, म्हणून आम्ही पुढे गेलो.

कर धरून दर काढा

कर्जात भरलेल्या प्रत्येक रुपयावर तुम्हाला कर्जाच्या दराएवढा परतावा मिळतो. तो खात्रीचा असतो आणि त्यावर कर नाही, कारण वाचलेलं व्याज हे उत्पन्न धरलं जात नाही. परंतु व्याजावर करसवलत मिळत असेल, तर कर्जाचा खरा दर कमी होतो.

नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला सवलतच नाही. २०२५-२६ पासून पगारदाराचं १२ लाख ७५ हजारांपर्यंतचं उत्पन्न तिथे करमुक्त झाल्यामुळे बहुतेक शिक्षक, कर्मचारी त्याच प्रणालीत आले आहेत. भाऊही त्यातच. म्हणून त्याचा कर्जाचा खरा दर पूर्ण ८.५० टक्के.

जुन्या प्रणालीत राहणाऱ्यांना वर्षाला दोन लाखांपर्यंतच्या व्याजावर वजावट मिळते. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह कर २०.८ टक्के, म्हणून ८.५० चं कर्ज प्रत्यक्षात पावणेसात टक्क्यांच्या आसपास पडतं. तीस टक्क्यांच्या टप्प्यात ते सहाच्याही खाली येतं. मात्र इथे एक बारकावा आहे. वजावट दोन लाखांवर थांबते. तुमचं वर्षाचं व्याज साडेतीन लाख असेल, तर वरच्या दीड लाखाला काहीच सवलत नाही आणि जादा भरणा आधी तो वरचा भागच कमी करतो. म्हणजे व्याज दोन लाखांवर येईपर्यंत तुमच्या जादा रुपयाचा परतावा पूर्ण ८.५० टक्केच आहे. या दराला ती सीमा साडेतेवीस लाखांच्या शिल्लक मुद्दलाजवळ येते. घर आणि कर्ज नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल, तर प्रत्येकाला आपापली दोन लाखांची वजावट मिळते. जुन्या प्रणालीत असलेल्यांनी ही रेघ नक्की आखावी: रेषेच्या वर कर्ज फेडा, खाली आल्यावर गुंतवणुकीकडे वळा, असा सरळ मार्ग त्यांच्यासाठी निघू शकतो.

शेवटची तारीख एक ठेवा

आता मुख्य हिशोब. तुलना योग्य व्हायची असेल तर दोन्ही रस्त्यांवर दर महिन्याला खिशातून जाणारी रक्कम सारखी हवी आणि दोन्हीचा हिशोब एकाच तारखेला थांबायला हवा. भावाच्या बाबतीत रक्कम ३४,६१८ रुपये (हप्ता अधिक दहा हजार) आणि तारीख आजपासून १८० महिन्यांनी.

पहिला रस्ता: हप्ता चालू ठेवायचा आणि दहा हजार १८० महिने गुंतवायचे. शेवटी कर्ज शून्य, हातात जमलेली रक्कम.

दुसरा रस्ता: ३४,६१८ रुपये कर्जात भरायचे. कर्ज साडेएकशे एक महिन्यांत, म्हणजे साडेआठ वर्षांत संपतं. त्यानंतर उरलेले साडेअठ्ठ्याहत्तर महिने पूर्ण ३४,६१८ रुपये गुंतवायचे. शेवटी तिथेही कर्ज शून्य, हातात जमलेली रक्कम.

दुसऱ्या रस्त्याचा हा उत्तरार्ध लोक विसरतात. "सव्वानऊ लाख व्याज वाचलं" असं म्हणून थांबतात (भावाचे खरंच सुमारे ९ लाख १७ हजार वाचतात) आणि मग समोरची एसआयपीची मोठी रक्कम बघून कर्ज फेडणं मूर्खपणाचं वाटायला लागतं. मोबाइलवर किंवा संगणकावर स्प्रेडशीट उघडा आणि हे टाइप करा:

```
=PMT(8.5%/12,180,-2500000)
=NPER(8.5%/12,-34618,2500000)
=FV(11%/12,180,-10000)
=FV(11%/12,78.5,-34618)
```

पहिली ओळ हप्ता सांगते, दुसरी जादा भरल्यावर कर्ज किती महिन्यांत संपेल ते, तिसरी पहिल्या रस्त्याची शेवटची रक्कम आणि चौथी दुसऱ्या रस्त्याची. गुंतवणुकीचा दर बदलून बदलून पाहा. आम्ही तीन दर घातले.

आधी मुद्दाम ८.५ घातला. दोन्ही रस्त्यांवर उत्तर सारखंच आलं, सुमारे ३६ लाख १८ हजार. भावाला हे खरं वाटेना, त्याने दोनदा करून पाहिलं. पण असंच यायला हवं. परताव्याचा दर कर्जाच्या दराएवढा असेल तर रस्ता कुठलाही घ्या, पोहोचता एकाच ठिकाणी. तुमच्या आकड्यांवर इथे उत्तर जुळलं नाही, तर सूत्र टाइप करताना काहीतरी चुकलं आहे, असं समजा. हिशोब तपासायची ही चांगली खूण आहे.

मग ११ टक्के घातला, म्हणजे शेअर बाजारातल्या फंडाने बरी साथ दिली असं धरलं. पहिल्या रस्त्यावर सुमारे ४५ लाख ४७ हजार, दुसऱ्यावर ३९ लाख ५३ हजार. फरक सहा लाखांच्या जवळ. मात्र फंड विकताना दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाख सोडून, १२.५ टक्के कर लागतो. सगळं एकाच वर्षी विकलं असं धरून तो वजा केला (उपकर सोडून), तर पहिल्या रस्त्यावर सुमारे ४२ लाख १९ हजार आणि दुसऱ्यावर ३८ लाख १४ हजार उरतात. फरक चार लाखांवर आला.

शेवटी ६ टक्के घातला. हा दर दोन अर्थांनी येऊ शकतो: पैसे मुदत ठेवीत टाकले आणि कर गेल्यावर एवढेच उरले, किंवा बाजाराने पंधरा वर्षं निराश केलं. पहिल्या रस्त्यावर २९ लाख ८ हजार, दुसऱ्यावर ३३ लाख १८ हजार. इथेही फरक सुमारे चार लाखच, फक्त उलट्या बाजूने.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. पंधरा वर्षांच्या या सगळ्या वादाची किंमत भावासाठी बरंवाईट धरून चार लाख या बाजूला किंवा त्या बाजूला एवढी आहे. कुणी "एसआयपीने दुप्पट होतात, कर्ज कशाला फेडतो" म्हणतो तेव्हा तो दुसऱ्या रस्त्याचा उत्तरार्ध मोजतच नसतो.

कर धरून दोन्ही रस्ते सारखे व्हायला फंडाने किती द्यायला हवं तेही आम्ही शोधलं. भावाच्या बाबतीत ते साधारण ९.१५ टक्के आलं. त्याच्या खाली परतावा मिळणार असेल तर कर्ज फेडणं सरस, वर मिळणार असेल तर गुंतवणूक. मग निर्णय एका प्रश्नावर येऊन थांबतो: तुमचे पैसे प्रत्यक्षात कुठे जाणार आहेत? पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. करमुक्त असला तरी साडेआठच्या कर्जापुढे तो कमीच. मुदत ठेव तर त्याहून मागे. तुमचा जादा पैसा दर वर्षी शेवटी ठेवीतच जाऊन बसत असेल, किंवा जळगावच्या सराफ बाजारात दागिन्याच्या घडणावळीत जात असेल, तर या लेखातला हिशोब तुमच्यासाठी इथेच संपतो: कर्ज फेडा. खरी स्पर्धा आहे ती फक्त इक्विटी फंडाशी.

पडत्या बाजारात तुम्ही काय केलंत?

इक्विटीचा ११ टक्के हा सरासरीचा अंदाज आहे, दरवर्षी हातात पडणारं व्याज नव्हे. जानेवारी २००८ मध्ये निफ्टीने जी उंची गाठली होती ती त्याने खात्रीने ओलांडली थेट २०१३ च्या अखेरीस. मधली जवळजवळ सहा वर्षं एकरकमी पैसे टाकून बसलेल्या माणसाने कागदावर तोटा किंवा जेमतेम बरोबरी बघत काढली, आणि त्याच काळात गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याला जातच होता. दर महिन्याला टाकणाऱ्याला खालच्या भावात युनिट मिळतात, म्हणून त्याचं तेवढं वाईट होत नाही. पण त्यासाठी तो थांबलेला नसावा.

म्हणून मी प्रत्येकाला विचारतो की मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा तुमची एसआयपी चालू होती का, आणि तुम्ही काय केलंत. भावाची दोन हजारांची एक एसआयपी होती. त्याने ती एप्रिलमध्ये बंद केली आणि युनिट विकून टाकली. बाजार वर आला तेव्हा तो बाहेर होता. हे मी त्याला टोचून सांगत नाही, शेकडो लोकांनी तेच केलं. पण जो माणूस पडत्या बाजारात विकतो त्याला ११ टक्के कधीच मिळत नाहीत, आणि त्याच्यासाठी ८.५० चा खात्रीचा परतावा ही फार चांगली गुंतवणूक आहे. हा प्रश्न अजून बाजाराची एकही मोठी पडझड न पाहिलेल्या तरुणांनाही लागू आहे. त्यांचं उत्तर अजून कोरं आहे, एवढाच फरक.

दुसरी कसोटी आहे ती दुसऱ्या रस्त्याच्या उत्तरार्धाची. साडेआठ वर्षांनी कर्ज संपेल त्या महिन्यात मोकळे झालेले ३४ हजार खरंच गुंतवले जातील का? की गाडी येईल, मुलीचं लग्न मोठं होईल? ज्याला स्वतःबद्दल ही खात्री नाही, त्याचा कर्जफेडीचा रस्ताही कागदावर दिसतो तेवढा चांगला निघत नाही. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागल्यामुळे भावाला जुनी पेन्शन नाही. म्हातारपणासाठी त्याच्याकडे वाढणारं काहीतरी असायलाच हवं.

हे सगळं टेबलावर मांडल्यावर मी त्याला सात-तीनची वाटणी सुचवली. सात हजार कर्जात, तीन हजार निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडात, थेट योजनेतून. अशाने कर्ज ११६ महिन्यांत, म्हणजे पावणेदहा वर्षांच्या आत संपतं, तो त्रेपन्न वर्षांचा व्हायच्या सुमाराला. तीन हजार एवढ्यासाठी की पुढची पडझड आली तर ती त्याने कमी रकमेवर अनुभवावी. त्या पडझडीत तो टिकला, तर वाटणी उलटी करायची. आज त्याचं कर्ज साडेसातचं असतं, मागची पडझड त्याने हात न लावता काढली असती आणि वय तीस असतं, तर मी उलटी वाटणी आजच सुचवली असती.

भरणा करताना

आता कृती, कारण चुका इथेच जास्त होतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याबद्दल दंड घेता येत नाही, बँक असो की हाउसिंग फायनान्स कंपनी. स्थिर दराचं कर्ज असेल तर करारपत्रात शुल्क लिहिलेलं असू शकतं. ते वाचूनच पुढे जा. एका वेळी किमान किती रक्कम घेतात तेही विचारा. काही ठिकाणी दरमहा सात हजार घेत नाहीत, मग तेवढे पैसे वेगळ्या खात्यात साठवून तिमाहीला भरावे लागतात. व्याज रोजच्या शिल्लकीवर लागत असेल, तर जितके दिवस आधी भराल तितकं बरं.

मग सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी अर्जात स्वतःच्या हाताने लिहायची: "ही रक्कम मुद्दलात जमा करावी. हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी." माझ्या स्वतःच्या कर्जात मी एकदा दोन लाख भरले आणि ही ओळ लिहायची राहून गेली. त्यांनी मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला. बँक खात्यातून कमी रक्कम जाते आहे हे माझ्या लक्षात आलं सात महिन्यांनी, आणि तोवर वाचलेले पैसे घरखर्चात जिरून गेले होते.

भावाच्या कर्जावर हा फरक किती पडतो ते बघा. कापसाचे एक लाख आले आणि त्याने आज एकदाच भरले, बाकी हप्ता तोच. मुदत कमी केली तर सुमारे चौदा हप्ते कमी होतात आणि दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास व्याज वाचतं. हप्ता कमी करून घेतला तर तो ९८५ रुपयांनी उतरतो आणि पूर्ण काळात सत्त्याहत्तर हजार वाचतात. दुसऱ्या पर्यायात बँक तुम्हाला लुबाडत नाही; ते ९८५ रुपये दर महिन्याला तुमच्या हातात परत येतात आणि तुम्ही ते पुन्हा कर्जातच भरलेत तर उत्तर सारखंच येईल. पण ते कुणी भरत नाही. नोकरी डळमळीत असेल किंवा हप्ता पगाराला जड झाला असेल, तेव्हा मात्र हप्ताच कमी करून घ्यावा.

"कर्जाच्या शेवटच्या वर्षांत जादा भरण्यात अर्थ नाही, तेव्हा हप्त्यात मुद्दलच जास्त असतं" असंही सांगितलं जातं. भरलेल्या रुपयावरचा दर तेव्हाही तोच ८.५० टक्के असतो. व्याज कमी वाचतं ते उरलेले महिने कमी म्हणून. शेवटच्या तीन वर्षांत निर्णय करायचा तो त्याच दराशी तुलना करून; हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती, याने काही ठरत नाही.

ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे, त्यांनी ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज मिळतं का ते बँकेत विचारावं. कापसाचे किंवा केळीचे दोन-तीन लाख त्या खात्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि जूनमध्ये बियाण्याला पैसे लागले की काढता येतात. याचा दर साध्या गृहकर्जापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून वर्षातून चार-पाच महिने तरी खात्यात भरीव रक्कम पडून राहणार असेल तरच ते परवडतं. मोकळा पैसा असला की खर्च करण्याची सवय असेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

भरणा झाल्यावर पावती घ्या आणि पुढच्या महिन्याचं विवरणपत्र काढा. त्यात दोन गोष्टी बघा. रक्कम मुद्दलातून वजा झाली आहे की "आगाऊ हप्ता" किंवा "जादा जमा" म्हणून नुसतीच पडून आहे. पडून असेल तर तिच्यावर तुमचं व्याज वाचत नाही. आणि उरलेल्या हप्त्यांचा आकडा. भावाने पहिल्या हप्त्याबरोबर सात हजार भरले. महिनाभराने त्याने विवरणपत्राचा फोटो मला पाठवला. शिल्लक २४ लाख ८६ हजार ९० आणि उरलेले हप्ते १७९ च्या जागी १७८.